मदत हवी आहे: भाच्याचं बीटी-सीटी नॉर्मल, तरी गुडघ्यात रक्त साचतंय

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. माझ्या ताईचा मुलगा पाच वर्षांचा, वजन १८ किलो. मागच्या पावसाळ्यापासून त्याचा उजवा गुडघा अधूनमधून सुजतो. खेळून आल्यावर काही वाटत नाही. रात्री कुरकुरतो, आणि सकाळी गुडघा गरम, टम्म फुगलेला, पाय सरळ करता येत नाही. ताईचा फोन येतो, "दादा, लेकरू पुन्हा लंगडायलंय."

तालुक्याच्या दवाखान्यात बीटी-सीटी केली. ब्लीडिंग टाइम अडीच मिनिटं, क्लॉटिंग टाइम पाच मिनिटं, प्लेटलेट ३ लाख १० हजार. सगळं नॉर्मल, म्हणजे रक्ताचा दोष नाही, संधिवात असेल, असं सांगून कमरेत वेदनाशामक इंजेक्शन दिलं. तिथे लिंबाएवढी गाठ आली, आठवडाभर काळीनिळी होती. पुढच्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांना गुडघ्यात पू वाटला आणि सुई घालून काढू म्हणाले. ताई घाबरून लेकराला घेऊन परतली.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी वेगळ्या तपासण्या लिहून दिल्या. पीटी १३ सेकंद, बरोबर. एपीटीटी ७० सेकंद, तुलनेचा नमुना ३० सेकंद. फॅक्टर ८, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन, दोन टक्के. हिमोफिलिया ए म्हणाले.

माझे प्रश्न:
बोट टोचल्यावर रक्त अडीच मिनिटांत थांबतं, मग गुडघ्यात का थांबत नाही? हे डोक्यात बसत नाही, आणि दाजींनाही पटवता येत नाही.
ताई आमच्या आत्याच्या घरात दिलेली आहे. नातेवाईक म्हणतात, रक्तात दिली म्हणून झालं. खरं आहे का?
मी स्वतः ठणठणीत आहे, पण मला सहा वर्षांची मुलगी आहे. तिला हे जाईल का? आणि माझ्या धाकट्या बहिणीचं नुकतंच लग्न झालंय, तिचं काय?

तुळजाई

दादा, माझ्या पुतण्याला डेंग्यूत असंच झालं होतं, अंगावर डाग आले होते. पपईच्या पानांचा रस दिला, चार दिवसांत प्लेटलेट वाढल्या. करून बघा.

पूर्णाकाठ

ताई, आभारी आहे. पण त्याच्या प्लेटलेट तीन लाखांच्या वर आहेत. कमी नाहीतच.

देवगिरी

हिमोफिलिया म्हणजे फॅक्टर कमी. आई वाहक असते आणि आजार मुलांना होतो, मुलींना सहसा नाही. माझ्या माहितीप्रमाणे रक्तातल्या लग्नात धोका दुप्पट होतो, आपल्याकडे मामाची मुलगी करतात त्यामुळे हे जास्त दिसतं. उपचार म्हणाल तर प्लाझ्मा चढवतात. जवळ रक्तपेढी असेल तर एक पिशवी लावून घ्या, सूज उतरते. गुडघ्याला रात्री मीठ गरम करून शेक द्या.

अंबाजोगाईकर

शेक देऊ नका. आधी हे एवढं वाचा, बाकीचं नंतर. गरम शेकानं रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तस्राव वाढतो. मालिशही नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पायाखाली उशी द्या, लेकराला चालवू नका. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, कारण याच्या अंगात एक प्लेटलेटच धड आहेत आणि या गोळ्या नेमक्या त्यांनाच लुळ्या करतात. कमरेतलं इंजेक्शन कायमचं बंद. लस द्यायची झाली तर बारीक सुईनं, डॉक्टरांना आधी सांगून, आणि नंतर जागा बराच वेळ दाबून धरून. फॅक्टर दिल्याशिवाय गुडघ्यात सुई तर कोणालाच घालू देऊ नका.

मी पॅथॉलॉजीत एमडी आहे, बरीच वर्षं रक्त गोठण्याच्या तपासण्याच करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

शेताचा बांध फुटला की आपण आधी दगड रचतो, मग त्यावर माती चोपतो. दगडांनी पाण्याचा जोर थांबतो, पण माती नसेल तर पाणी फटीफटीतून पाझरत राहतं आणि रात्रीतून दगडही सरकतात. प्लेटलेट म्हणजे दगड. माती म्हणजे फायब्रिनचं जाळं, आणि ते भरपूर विणायला फॅक्टर ८ आणि ९ लागतात. ब्लीडिंग टाइममध्ये आपण कातडीवर एक लहानशी जखम करतो आणि फक्त दगड किती वेळात रचले जातात ते मोजतो. तुमच्या भाच्याच्या प्लेटलेट उत्तम आहेत, म्हणून अडीच मिनिटांत रक्त थांबलं. ती तपासणी खोटी नाही. तिनं विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

आता गुडघा वेगळा का, ते बघा. रक्त गोठायला सुरुवात करून देणारा एक पदार्थ असतो, त्याला टिश्यू फॅक्टर म्हणतात. तो कातडीत आणि मेंदूभोवती भरपूर असतो. वाहिनी फुटली की रक्त त्याला भिडतं, फॅक्टर ७ कामाला लागतो आणि फायब्रिनचं जाळं विणणारं थ्रॉम्बिन थोडं लगेच तयार होतं. लहान जखमेला तेवढं पुरतं. पण सांध्याच्या आतलं जे अस्तर आहे, सायनोव्हियम, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आणि टिश्यू फॅक्टर मात्र फारच कमी. शिवाय त्या मार्गाला लगाम घालणारं प्रथिन तिथे असतं. म्हणजे सांध्यात रक्त थांबवायचं तर सगळी भिस्त फॅक्टर ८ आणि ९ वर. नेमका त्यातला ८ याच्याकडे जेमतेम आहे.

दुसरं असं की बोट आपण दाबून धरतो. गुडघ्याच्या आत कोण दाबणार? पोकळी भरून आतला दाब वाढेपर्यंत रक्त पाझरतच राहतं. आणि गुडघा तर दिवसभर वाकतोय, वजन पेलतोय, कच्ची गाठ बसली तरी हलते. म्हणून खेळताना काहीच कळत नाही आणि सूज रात्री येते. तुम्ही लिहिलेला तो उशीरच खरं तर निदान सांगत होता.

तुमच्या दोन रिपोर्टांतही हेच दिसतं. पीटी करताना आम्ही नळीत टिश्यू फॅक्टर बाहेरून भरपूर घालतो, मग ८ आणि ९ ची गरजच उरत नाही, म्हणून १३ सेकंद, नॉर्मल. एपीटीटीत टिश्यू फॅक्टर घालत नाही. तिथे रक्ताला ८ आणि ९ च्या वाटेनंच जावं लागतं, म्हणून ७० सेकंद. दाजींना समजवायचं तर एवढंच सांगा की कातडीची जखम पीटीसारखी वागते आणि गुडघा एपीटीटीसारखा.

पूर्णाकाठ

डॉक्टर, हे पहिल्यांदाच नीट कळलं. पण क्लॉटिंग टाइम तर गोठण्याचीच तपासणी ना? तीही पाच मिनिटं, नॉर्मल होती.

अंबाजोगाईकर

नाव तसं आहे खरं. काचेच्या बारीक नळीत रक्त घेऊन दर अर्ध्या मिनिटाला नळी मोडून धागा दिसतो का ते बघायचं, अशी ती जुनी पद्धत. फॅक्टर अगदी एक टक्क्याच्या खाली असेल तर ती कदाचित वाढलेली दिसेल. दोन-चार टक्के फॅक्टर असला तरी गुठळीचा पहिला धागा वेळेवर दिसतो, आणि तो दिसला की आपण घड्याळ थांबवतो. पुढे जाळं किती दाट झालं, हे ती तपासणी बघतच नाही. दात काढायच्या किंवा टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी आपल्याकडे सर्रास बीटी-सीटी करून हिरवा झेंडा दाखवतात. मला याची मनापासून चीड आहे. घरात रक्तस्रावाचा इतिहास असेल तर पीटी आणि एपीटीटी झालीच पाहिजे, आणि सौम्य प्रकारात एपीटीटीसुद्धा फसवू शकते, तिथे फॅक्टरच मोजावा लागतो.

आता तुमच्या रिपोर्टाबद्दल दोन प्रश्न. रक्त कुठे घेतलं आणि तपासलं कुठे? आणि एपीटीटी लांबल्यावर मिक्सिंग केलं होतं का? म्हणजे त्याचा प्लाझ्मा आणि चांगला प्लाझ्मा निम्मे-निम्मे मिसळून पुन्हा बघणं.

पूर्णाकाठ

मिक्सिंगमध्ये ३४ सेकंद आली, "करेक्टेड" लिहिलंय. रक्त तालुक्यालाच घेतलं, निळ्या टोपणाच्या नळीत. नमुना पुण्याला गेला, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळाला.

अंबाजोगाईकर

मिक्सिंग सुधारलं म्हणजे फॅक्टरची कमतरता आहे, फॅक्टरविरुद्धची अँटीबॉडी बहुधा नाही. ही चांगली गोष्ट.

पण फॅक्टर ८ नाजूक असतो. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त, आणि चार तासांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पाठवायला हवा. नळी अर्धवट भरली किंवा एसटीच्या पार्सलमधून उन्हात गेली तर आकडा खोटाच खाली येतो. तुमच्या भाच्याची लक्षणं इतकी बोलकी आहेत की निदान बदलेल असं मला वाटत नाही, पण दोन टक्के की चार टक्के, हे जिथे रक्त घेतील तिथेच तपासतील अशा ठिकाणी पुन्हा करून घ्या. एक टक्क्याखाली तीव्र, एक ते पाच मध्यम, त्यावर सौम्य, अशी विभागणी असते आणि पुढचं बरंच त्यावर ठरतं. त्याच वेळी फॉन विलेब्रँड फॅक्टरही मोजायला सांगा. तो कमी असेल तरी फॅक्टर ८ घसरतो, आणि उपचार वेगळे होतात.

उमरीवाला

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातला, वय ४६. मला हिमोफिलिया बी आहे, माझ्यात फॅक्टर ९ नाही. वरचं वाचून राहवलं नाही.

देवगिरी, तुमचं प्लाझ्माचं म्हणणं त्या काळापुरतं खरं होतं, आमचं बालपण त्यावरच गेलं. पण माझी हकिगत ऐका. लहानपणी कुठला फॅक्टर कमी आहे हे कोणी तपासलंच नाही. हिमोफिलिया म्हणून प्लाझ्मापासून काढलेल्या क्रायोच्या पिशव्या लावत राहिले. क्रायोमध्ये फॅक्टर ८ असतो, ९ नसतोच. पिशव्यांमागून पिशव्या गेल्या आणि गुडघा तसाच सुजलेला. आज माझा डावा गुडघा तीस अंशात अडकलेला आहे, पाय सरळ होत नाही. म्हणून पूर्णाकाठदादा, तुमच्याकडे फॅक्टर ८ असं लिहिलेला कागद आहे, तो लॅमिनेट करून ताईच्या पर्समध्ये आणि लेकराच्या दप्तरात ठेवा.

आणखी एक. सूज येण्याआधी लेकराला आत मुंग्या आल्यासारखं, गरम-गरम वाटतं. आम्हाला सगळ्यांना ते कळतं. सूज दिसायची वाट बघू नका. तो "आत काहीतरी व्हायलंय" म्हणाला की निघा.

देवगिरी

उमरीवाले, क्रायोचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण खेड्यात फॅक्टर मिळत नाही हेही खरं ना? तिथे प्लाझ्मा नाही तर काय करायचं?

अंबाजोगाईकर

काहीच नसेल तर प्लाझ्मा देतातच, पण हिशेब करून बघा. एक युनिट फॅक्टर ८ एका किलोला दिला की पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. सांध्यातला रक्तस्राव थांबवायला चाळीस टक्क्यांच्या आसपास न्यायची असेल तर १८ किलोच्या लेकराला ३६० युनिट लागतील. बाटल्या २५० आणि ५०० च्या येतात, ५०० ची फोडली की काम झालं, पाच मिनिटांत शिरेतून जाते. हेच ३६० युनिट प्लाझ्मातून द्यायचे तर एका मिलीलिटरमध्ये जेमतेम एक युनिट असतो. म्हणजे ३६० मिली, एवढ्याशा जिवाला. एका वेळी किलोला पंधरा-वीस मिलीच्या वर देणं जड जातं, छातीवर ताण येतो. एका पिशवीनं पातळी फार तर वीस टक्क्यांपर्यंत जाईल आणि दहा-बारा तासांत निम्मी होईल.

त्यापेक्षा घाटी गाठा. आपल्याकडे संभाजीनगरच्या सरकारी मेडिकलला सगळे घाटीच म्हणतात. तिथे लेकराची नोंद करून घ्या. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा की फॅक्टर साठ्यात आहे का आणि रात्री कोणाला फोन करायचा. हे सूज आल्यावर नाही, आज विचारायचं. डोस मात्र तिथले डॉक्टर ठरवतील, माझा हिशेब समजण्यापुरता.

पूर्णाकाठ

विचारतो. डॉक्टर, नात्यातल्या लग्नाचा प्रश्न राहिला. घरात रोज त्यावरून वाद आहेत. आत्या माझ्या आईला बोलते, आई ताईला बोलते.

अंबाजोगाईकर

आधी सांगा, आईच्या माहेरी कोणाला असा त्रास होता का? आईचे भाऊ, मावशीची मुलं?

पूर्णाकाठ

आईला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिचा एक भाऊ नववीत असताना दात काढल्यावर रक्त थांबलं नाही म्हणून गेला. त्याचा एक कोपर कायम वाकडा असायचा, लोक म्हणायचे लहानपणी पडला असेल. हे आम्हा भावंडांना कधीच सांगितलं नव्हतं.

अंबाजोगाईकर

मग चित्र जवळपास स्पष्ट आहे. फॅक्टर ८ आणि ९ दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो आणि एक्स फक्त आईकडून. दोष तुमच्या आजीकडून आईकडे, आईकडून ताईकडे आणि ताईकडून लेकराकडे आला. आत्या तुमच्या वडिलांची बहीण, दाजी तिचे चिरंजीव. या साखळीत ते कुठेच बसत नाहीत. ताई परक्या घरात दिली असती तरी प्रत्येक मुलाला शक्यता तेवढीच होती, निम्मी. आत्यांना हे जरूर सांगा.

देवगिरी म्हणतात ते काही दुसऱ्या आजारांना लागू आहे. फॅक्टर १३ किंवा ७ च्या कमतरतेत आई-वडील दोघांकडून दोष यावा लागतो, तिथे नात्यातलं लग्न खरंच महागात पडतं. हिमोफिलियात नात्याचा प्रश्न येतो तो एकाच ठिकाणी. हिमोफिलिया असलेल्या पुरुषानं वाहक बाईशी लग्न केलं तर मुलींनाही आजार होऊ शकतो. सख्ख्या बहिणीची किंवा मावशीची मुलगी अशी वाहक असू शकते.

तुमची मुलगी निर्धास्त. तुमच्याकडे एकच एक्स आहे. तो दोषी असता तर तुम्हालाच आजार असता. तुम्ही ठणठणीत, म्हणजे तो चांगला, आणि लेकीला तोच मिळालाय.

धाकटीची गोष्ट वेगळी. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुम्ही निरोगी आहात म्हणून ती सुटली असं होत नाही, प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं. तिचा फॅक्टर ८ मोजा, पण तो नॉर्मल आला तरी ती वाहक नाही असं म्हणता येत नाही, कित्येक वाहकांचा नॉर्मल असतो. खरं उत्तर जनुकाच्या तपासणीतून मिळतं, आणि ती भाच्याच्या रक्तापासून सुरू करायची असते. आधी त्याच्यात नेमका कुठला बदल आहे तो शोधायचा, मग धाकटीत तोच बघायचा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हे होतं. मूल राहण्याआधी झालं तर उत्तम, कारण गरोदरपणात फॅक्टर ८ आपोआप वाढतो आणि तेव्हाचा आकडा फसवतो.

उमरीवाला

माझ्याकडून भर. मला एक मुलगा, एक मुलगी. मुलगा सुटला, त्याला माझा वाय गेला. मुलगी मात्र शंभर टक्के वाहक, तिची तपासणी करायचीही गरज नव्हती. तिला पाळी सुरू झाल्यावर खूप जायचं, आम्ही वयाचं म्हणून सोडून देत होतो. फॅक्टर मोजला तर २८ टक्के निघाला. वाहक म्हणजे नुसती वाहक नसते. तुमच्या ताईचाही आकडा एकदा मोजून घ्या.

तुळजाई

दादा, मी डेंग्यू समजून बसले होते, सगळा धागा आता वाचला. माझ्या नणंदेचीही पाळी अशीच, दात काढला तेव्हा दोन दिवस रक्त येत होतं. तिची बीटी वाढलेली होती म्हणतात. तिलाही हेच का?

अंबाजोगाईकर

ताई, ब्लीडिंग टाइम वाढलेला आणि बाईमाणूस, तर माझा संशय आधी फॉन विलेब्रँडवर जातो. त्यात बिघाड प्लेटलेट चिकटण्यात असतो, नाक, हिरड्या आणि पाळीचा त्रास जास्त, सांध्यांचा कमी. वेगळा धागा काढा, रिपोर्ट लिहा.

पूर्णाकाठ

घाटीत जाऊन आलो. रक्त तिथेच घेतलं, तिथेच तपासलं. फॅक्टर ८ तीन टक्के, फॉन विलेब्रँड नॉर्मल. नोंद झाली. परवा पुन्हा गुडघा भरला तेव्हा तीन तासांत फॅक्टर मिळाला आणि दुसऱ्या दिवशी पाय बराच सरळ झाला.

दोन गोष्टी अडल्यात. धाकटी तपासणीला तयार आहे, पण सासरी सांगायला घाबरते, आणि आई म्हणते आताच सांगू नको. दुसरं, तिथे एक डॉक्टर म्हणाले आठवड्यातून दोनदा आधीच फॅक्टर देत राहू, दुसरे म्हणाले तीन टक्के आहे, रक्तस्राव झाला की देऊ. काय करावं?

उमरीवाला

आधीच देत राहा, हे माझं मत. माझ्या गुडघ्याकडे बघून सांगतोय. प्रत्येक वेळच्या रक्तातलं लोह अस्तरात साठतं, अस्तर जाड होतं, त्यात नव्या वाहिन्या येतात आणि त्याच पुन्हा फुटतात.

अंबाजोगाईकर

यावर डॉक्टरांत खरंच दोन मतं आहेत. तीन टक्क्यांच्या सगळ्याच मुलांना नियमित फॅक्टर लागत नाही. पण निर्णय आकड्यावर नाही, सांध्यावर घ्यावा. सहा महिन्यांत त्याच एका गुडघ्यात तीनदा आपोआप रक्त आलं असेल तर मी नियमित देण्याच्या बाजूनं. तारखा लिहून ठेवल्यात का? आणि आता दुखत नसतानाही उजवा गुडघा डाव्यापेक्षा जाड, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ लागतो का?

पूर्णाकाठ

तारखा ताईनं कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात, दिवाळीपासून चार आहेत. त्यातल्या दोन वेळा तो पडला होता, दोन वेळा काहीच झालं नव्हतं. आणि हो, गुडघा दुखत नाही, पण डाव्यापेक्षा जाडच आहे, हाताला मऊ लागतो.

अंबाजोगाईकर

मग अस्तराला सूज धरलेली असू शकते. गुडघ्याची सोनोग्राफी सांगा, एक्स-रेत हे लवकर दिसत नाही. कॅलेंडरचा फोटो आणि सोनोग्राफी दोन्ही घेऊन त्याच दोन डॉक्टरांसमोर एकाच दिवशी बसा. धाकटीचं तिच्यावर सोडा, पण दात काढणं, ऑपरेशन किंवा बाळंतपण यांतलं काहीही ठरलं तर त्याआधी तिचा फॅक्टर मोजलेला असावा, सासरी सांगितलेलं असो वा नसो.